क्रशचा उद्या इंटरव्ह्यू आहे, बेस्ट लकचा मेसेज थोडा फ्लर्टी लिहिलाय, पाठवू का? (इंदूर)

जीरावन_जास्त | बुधवार, संध्या. ७.१०

मंडळी मदत करा, वेळ कमी आहे. उद्या सकाळी साडेदहाला तिचा इंटरव्ह्यू आहे, डेटा अॅनालिस्टची जागा, ऑनलाइन आहे घरूनच, तीन जणांचं पॅनेल आणि मध्ये स्क्रीन शेअर करून एक्सेलमध्ये काहीतरी करून दाखवायचंय. दीड वर्षापासून ती या जॉबच्या मागे आहे. आमची ओळख कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या नाटकापासून, आता रोज बोलणं होतं, पण मी अजून काही म्हटलेलं नाही आणि तीही नाही. काल तीच म्हणाली की सकाळी मेसेज कर हं, तुझ्या मेसेजने मला हसू येतं.

तर हे लिहिलंय:

"त्या तिघांचं पण उद्या माझ्यासारखंच होणार बघ, तुला बघून आधी बोलणंच विसरतील आणि मग सरळ हो म्हणतील. तू १००% सिलेक्ट होणार. बेस्ट लक ब्युटिफुल ❤️ तुला खूप दिवसांपासून काहीतरी सांगायचंय, झाल्यावर लगेच फोन करशील ना?"

सव्वादहाला पाठवायचा विचार आहे, म्हणजे अगदी आत जाताना वाचेल. कसा वाटतोय खरं सांगा.

---

छप्पनचा_भिया | ७.२२

एकदम सही है भिया, पाठवून दे. आणि टायमिंग पण बरोबर, शेवटचं जे वाचतो ना आपण तेच डोक्यात राहतं. रात्री पाठवलास तर सकाळपर्यंत पन्नास मेसेज खाली जाईल.

---

रामबागची_ताई | ७.४१

जीरावन, थांब जरा, सव्वादहाला अजिबात पाठवू नकोस. मी नऊ वर्षं एका कंपनीत इंटरव्ह्यू घेते, त्यातली शेवटची चार-पाच वर्षं बहुतेक ऑनलाइनच, तर पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

साडेदहाचा इंटरव्ह्यू असला की मुलं सव्वादहाला काय करत असतात? लिंक उघडते की नाही, माइक चालतो की नाही, मागे दोरीवरचे कपडे दिसतायत का, एक्सेलची फाइल कुठे ठेवली. बरीच जणं दहा मिनिटं आधीच वेटिंग रूममध्ये येऊन बसतात. आता ती लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप उघडं ठेवत असेल (एक्सेलवर काम करणारी जवळजवळ सगळी ठेवतातच) तर मेसेज आला की उजव्या कोपऱ्यात खाली पट्टी येते, नाव आणि पहिल्या दोन ओळी. तिने नुसती एक्सेलची खिडकी शेअर केली तर आम्हाला ती पट्टी दिसत नाही, पण घाईत मुलं पूर्ण स्क्रीन शेअर करतात आणि मग सगळं दिसतं. मागे एका मुलाला कोणीतरी "जान ऑल द बेस्ट" पाठवलं होतं, आम्ही चौघांनी वाचलं आणि चौघांनी न वाचल्यासारखं केलं. त्याने प्रश्नाचं उत्तर अर्धवट सोडलं आणि पुढची दहा मिनिटं त्याचं लक्ष त्या कोपऱ्यातच. आम्ही त्याचे मार्क कापले नाहीत, पण तो स्वतःच घसरला.

तुझा मेसेज सव्वादहाचा असला तरी नेट हळू असेल, तिचा लॅपटॉप उशिरा चालू झाला असेल तर तो १०.३५ ला पण टपकू शकतो. ते तुझ्या हातात नाही.

मजकुरावर जेवण झाल्यावर लिहिते, त्यावर पण बोलायचंय.

---

निवृत्त_मास्तर | ७.५५

बाळा, ऑनलाइन असला तरी फॉर्मल शर्ट घालून बस. मार्कशीटच्या झेरॉक्स जवळ ठेव, आणि पगार विचारला तर एकदम आकडा सांगू नकोस. आमच्या वेळी मुलाखतीला भोपाळला जावं लागे, रात्रीच्या गाडीने. यशस्वी हो.

---

जीरावन_जास्त | ७.५९

काका धन्यवाद, पण इंटरव्ह्यू माझा नाही, तिचा आहे 🙂 झेरॉक्सचं तिला सांगतो.

ताई वाट बघतोय.

---

मालवी_मुलगी | ८.१४

मी माझं सांगू का, कारण माझ्या बाबतीत हे अगदी झालंय आणि मी पलीकडच्या टोकाला होते, म्हणजे मला मेसेज आला होता.

दोन वर्षांपूर्वी विजयनगरला एका ऑफिसात माझा इंटरव्ह्यू होता, मी खाली रिक्षातून उतरले आणि फोन वाजला. मित्र होता, मला आवडायचा पण. त्याने लिहिलं होतं की ऑल द बेस्ट, आणि आज तुला एक गोष्ट सांगायचीये जी मी कोणालाच सांगितली नाहीये, झालं की कॉल कर. बस एवढंच. आणि मी लिफ्टमध्ये उभी राहून ते चार वेळा वाचलं. काय सांगायचं असेल? तेच असेल का? की तो दुसऱ्या शहरात चाललाय? आत गेल्यावर पहिला प्रश्न होता स्वतःबद्दल सांगा, जो मी आरशासमोर पन्नास वेळा घोकला होता, आणि मी माझं नाव सांगून थांबले. खरंच थांबले, पुढचं वाक्यच येईना. नंतर गाडी रुळावर आली पण ती सुरुवातीची तीन-चार मिनिटं गेलीच.

तो वाईट नव्हता हो, त्याला छानच करायचं होतं. पण तुझ्या मेसेजमधलं ते "काहीतरी सांगायचंय" वाचून माझ्या पोटात आत्ता पुन्हा तसंच झालं. ते काढ प्लीज. बाकी काहीही ठेव.

---

छप्पनचा_भिया | ८.२०

अरे यार, हा विचार मी केलाच नव्हता. शेवटचं वाचलेलं डोक्यात राहतं म्हणूनच प्रॉब्लेम आहे म्हणजे.

---

रामबागची_ताई | ९.०५

मालवी_मुलगीने माझं अर्धं काम केलं. जीरावन, तुझा मेसेज मी एकेक वाक्य घेऊन बघते, रागावू नकोस.

"तुला बघून बोलणं विसरतील आणि सरळ हो म्हणतील." तुला म्हणायचंय ती सुंदर आहे. पण ती दीड वर्ष एक्सेल शिकून तिथे बसणार आहे आणि तिच्या डोक्यात नेमकी उलटी भीती असते, की हे लोक माझं काम बघतील की चेहरा. मुलींना हे खूप ठिकाणी सोसावं लागतं. तर त्याच सकाळी तिच्या माणसाने पण चेहऱ्यामुळे होईल असं म्हणावं, हे गोड असलं तरी चुकीच्या जागी लागतं. कौतुक करायचंय तर ती जे करून दाखवणार आहे त्याचं कर.

"१००% सिलेक्ट होणार." हे सगळेच लिहितात आणि प्रेमानेच लिहितात. पण नाही झालं तर? मग तिला तुझ्यासमोर येऊन सांगावं लागणार की तू म्हणालास तसं झालं नाही. जागा एक, बोलावलेले दहा-बारा, कधी आतला माणूस आधीच ठरलेला असतो, यातलं काहीच तिच्या हातात नाही.

"ब्युटिफुल ❤️" याबद्दल मी फक्त एवढं विचारते, की तिचा फोन चार्जिंगला डायनिंग टेबलावर असतो का आणि तिथे तिचे आईबाबा पोहे खात असतात का.

आणि "फोन करशील ना" हा प्रश्न आहे. प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर मनात राहतं की त्याला रिप्लाय द्यायचा राहिला. इंटरव्ह्यूच्या सकाळी तिला जितक्या गोष्टी ठरवायच्या नसतील तितकं बरं. तुझा मेसेज असा हवा की तिने वाचला, हसली, फोन उलटा ठेवला, संपलं.

पण फ्लर्ट करू नको असं मी म्हणत नाहीये हं. तिने स्वतः मागितलाय मेसेज आणि हसू येतं म्हणालीये, म्हणजे नुसतं "ऑल द बेस्ट" पाठवलंस तर तिला वाटेल याला काय झालं आज.

---

लोकमान्यनगर_४ | ९.१८

एक विचारू? ती याआधी कधी अशी चेष्टामस्करी तुझ्याशी करते का, की फक्त तू करतोस आणि ती हसते? कारण हसणं तर कोणीही हसतं. माझ्या भाच्याने असंच समजून एकीला पाठवलं, ती त्याच्याच टीममधली होती, आणि मग दोघांनाही रोज समोरासमोर बसणं जड झालं. तिने तक्रार वगैरे केली नाही पण बोलणं बंद झालं ते झालंच.

---

जीरावन_जास्त | ९.२६

बरोबर विचारलंत. ऑफिस एक नाही आमचं. आणि ती पण करते, म्हणजे मागच्या आठवड्यात मी दाढी केली तर म्हणाली की आता नाटकातला हीरो वाटतोयस, आधी गोडाऊनवाला वाटायचास. आणि रविवारी छप्पन दुकानला खायला स्वतःहून बोलावते. त्यामुळे मला वाटतं चालेल, पण तुम्ही म्हणता तसं मी जास्त उडी मारली आहे.

---

लोकमान्यनगर_४ | ९.३०

मग चालेल बाबा. तिने जिथपर्यंत पाऊल टाकलंय तिथपर्यंतच तू टाक, इंटरव्ह्यूच्या दिवशी एक पाऊल पुढे नको.

---

रामबागची_ताई | ९.३४

अगदी. आता तू मला एक सांग. तिचं काम करतानाचं काही आठवतं का तुला, जे तू स्वतः बघितलंयस? मेहनती आहे हुशार आहे असलं नको, एक प्रसंग सांग.

---

जीरावन_जास्त | ९.५२

आहे एक. पावसाळ्यात छप्पनला पोहे खात होतो आणि मी म्हटलं की काकांच्या दुकानाची विक्री कमी झाली म्हणतात पण गर्दी तर तेवढीच दिसते. तिने माझ्या खिशातला पेन घेतला आणि पोह्याच्या कागदावरच ग्राफ काढायला लागली. कागदाला तेल लागलेलं, पेन उठेना, मग कोपऱ्यात कोरडी जागा शोधून तिथे सात छोट्या उभ्या रेघा काढल्या, सोमवार ते रविवार, आणि म्हणाली की गर्दी तू रविवारी जातोस म्हणून दिसते, आधी रोजचे आकडे आण. तिच्या बोटाला जीरावन लागलेलं होतं, ते बुधवारच्या रेघेवर पडलं तर ती म्हणाली बघ बुधवारी मसाला जास्त विकला. मी काकांकडून खरंच आकडे आणले आणि घोळ आठवड्याच्या मधल्या दिवसांतच निघाला. तो कागद माझ्याकडे आहे अजून. हे तिला माहीत नाही.

---

मालवी_मुलगी | ९.५८

अरे हेच तर लिही ना!!! हे असताना तू ब्युटिफुल काय लिहीत बसलास!

---

रामबागची_ताई | १०.०३

आता लिही. आणि तुम्ही रोज ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत. पहिल्या दोन ओळी अशा ठेव की कोणीही वाचल्या तरी चालेल, कारण पट्टीत त्याच दिसतात. गोड भाग खाली, जो फक्त उघडल्यावर दिसेल. शेवटी तिला रिप्लाय देण्यातून मोकळं कर. आणि कागद जपून ठेवलाय हे आत्ता सांगू नकोस, ते मोठं आहे, ते समोर बसून सांगायचं.

---

जीरावन_जास्त | १०.३१

हे बघा:

"गुड मॉर्निंग. दहीसाखर खाऊन बस, आणि पाण्याचा ग्लास लॅपटॉपपासून लांब ठेव.

जिने तेलकट पोह्याच्या कागदावर ग्राफ काढून माझ्यासारख्याला समजावलं तिला आज फक्त तीन लोकांना समजवायचंय, ते पण कोरड्या एक्सेलमध्ये.

त्या तिघांचा मला हेवा वाटतोय थोडा. गुरुवारी सकाळी पाऊण तास तू बोलणार आणि मी ऐकायला नाही.

रिप्लाय नको, फोन उलटा ठेव. रिझल्ट काही पण येऊ दे, जलेबी माझ्याकडून."

---

छप्पनचा_भिया | १०.३६

भिया. काय लिहिलंस. हेवा वाली लाइन 🔥

---

लोकमान्यनगर_४ | १०.४०

मला ती हेव्याची ओळ जरा खटकते. काहींना वाटेल की हा आत्तापासूनच हक्क दाखवतोय.

---

मालवी_मुलगी | १०.४४

मला नाही वाटलं तसं काका. "मी ऐकायला नाही" म्हणतोय, म्हणजे त्याला तिचं बोलणं ऐकायचंय. "कोणाशी बोलू नकोस" आणि "मला पण ऐकायचं होतं" यात फरक आहे ना. मला कोणी असं लिहिलं असतं तर लिफ्टमध्ये मी हसले असते आणि विसरून आत गेले असते.

---

रामबागची_ताई | १०.५०

मी दोघांच्या मध्ये आहे. ओळ ठेव, "थोडा" शब्द आहे तोही ठेव. जलेबीचं वाक्य मला सगळ्यात आवडलं, कारण इंटरव्ह्यू कसाही गेला तरी संध्याकाळ तिची आहे असं त्यातून कळतं, आणि तू काही मागितलेलं पण नाहीस.

पाठवायची वेळ आठच्या आसपास. चहा पिताना वाचेल आणि नऊच्या आधी विसरेल.

---

ग्वाल्हेरकर_सध्या_पुण्यात | ११.०२

मी म्हणेन रात्रीच पाठव. सकाळी माणूस आधीच ताणात असतो, रात्री वाचलं तर शांत झोपेल. व्हॉट्सअॅपवर शेड्यूल करून ठेव म्हणजे तुला पण जागायला नको.

---

जीरावन_जास्त | ११.०६

माझ्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपला शेड्यूल नाहीये दादा, टेलिग्रामला असतं पण तिच्याकडे टेलिग्राम नाही. आणि तिने सकाळी कर असंच म्हटलंय, तर सकाळीच करतो. अलार्म लावला.

---

रामबागची_ताई | ११.१५

पाठवायच्या आधी दोनदा वाच. पाठवल्यावर चूक दिसली तर Delete for everyone दाबू नकोस, तिथे This message was deleted दिसत राहतं आणि मग ती तासभर विचार करेल की काय होतं त्यात. पंधरा मिनिटांच्या आत असशील तर एडिट कर, नाहीतर शुद्धलेखनाची चूक तशीच राहू दे.

आणि पाठवल्यावर निळी टिक आली नाही तर परत मेसेज करू नकोस. वरच्या पट्टीतून वाचलं तर निळी येत नाही, काही जण तर टिक बंदच ठेवतात.

---

जीरावन_जास्त | गुरुवार, सकाळी ८.१९

गेला. ८.०८ ला. दोन टिक आहेत, निळ्या नाहीत. हात थरथरत होते खरंच. आता फोन आईकडे देऊन आंघोळीला जातोय.

---

छप्पनचा_भिया | १०.२८

ऑल द बेस्ट तिला पण आणि तुला पण.

---

निवृत्त_मास्तर | ११.४०

झाली का मुलाखत? काय विचारलं?

---

जीरावन_जास्त | दुपारी १.१७

तिचा रिप्लाय १२.५० ला आला. तिच्या शब्दांत टाकतो, तिला विचारूनच टाकतोय (हा धागा तिला दाखवला नाहीये, फक्त मित्रांना सांगू का म्हटलं):

"रिप्लाय नको म्हणालास म्हणून आत्ता देते. पाण्याचा ग्लास खरंच लॅपटॉपशेजारी होता, उचलून खिडकीत ठेवला. त्यांनी विक्रीचाच डेटा दिला होता!! मी आधी रोजचे आकडे वेगळे केले. मधेच मामांचं यशस्वी भव स्क्रीनवर आलं, पूर्ण स्क्रीन शेअर केली होती मी, त्यातल्या एका सरांनी पण हसून यशस्वी भव म्हटलं. पुढच्या राउंडचं सोमवारी कळवतील. जलेबी आज की उद्या?"

आणि दोन मिनिटांनी वेगळा मेसेज: "हेवा वाटणाऱ्याला सगळा इंटरव्ह्यू परत ऐकवला जाईल. पाऊण नाही, तासभर होता."

---

मालवी_मुलगी | १.२१

मी ऑफिसात बसून रडतेय, शेजारची विचारतेय काय झालं.

---

रामबागची_ताई | १.३८

रोजचे आकडे आधी वेगळे केले, हे बघून मला फार बरं वाटलं. पॅनेलवर असते तर मी नेमकं तेच बघितलं असतं. सोमवारपर्यंत तू तिला "काही कळलं का" विचारू नकोस, ती स्वतः सांगेल.

---

लोकमान्यनगर_४ | १.४५

मामांचा मेसेज आला तिथे तुझा आला असता तर, असा विचार करून मला घाम आला. हेव्याचं मी मागे घेतो, तिने ते आवडून घेतलंय.

---

ग्वाल्हेरकर_सध्या_पुण्यात | २.१०

मला अजूनही वाटतं रात्रीच बरं. माझी बायको सकाळी दहा वाजेपर्यंत फोनच बघत नाही, तिला आठला पाठवला असता तर इंटरव्ह्यू झाल्यावरच मिळाला असता. माणसावर आहे.

---

रामबागची_ताई | २.१६

हो, ते मान्य. ती फोन कधी बघते ते माहीत असायला हवं, माझं आठ वाजता हे सगळ्यांना लागू नाही.

---

जीरावन_जास्त | संध्या. ५.४०

आज सातला छप्पन. कागद पाकिटात घेतलाय, घडी करून, जीरावनचा डाग वर येईल असा. दाखवू की सोमवारनंतर दाखवू ते अजून ठरत नाहीये. मालवी_मुलगी, तू काय म्हणतेस?

---

मालवी_मुलगी | ५.४३

आज पाकिटातच राहू दे. आज तिचा तासभर ऐक.